ड्युरेशन: मोजायचं वर्षांत, वाचायचं टक्क्यांत

रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडाचं माहितीपत्रक उघडलं की त्यात एक ओळ हमखास असते: मॉडिफाइड ड्युरेशन 4.1 वर्षं. वर्षं म्हटलं की आपल्याला काळ आठवतो, म्हणून बरेच जण याचा अर्थ "पैसे चार वर्षं अडकणार" असा घेतात. या क्षेत्रातली माणसं मात्र हाच आकडा वेगळ्या तऱ्हेने वाचतात. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ असा की व्याजदर एक टक्क्याने चढले तर किंमत साधारण 4.1 टक्क्यांनी उतरेल. काळ मोजणारा आकडा नुकसानीचे टक्के कसा सांगतो, हे समजून घ्यायला एकच रोखा पुरतो. म्हणून एकच घेऊ आणि त्याची नीट उलटतपासणी करू.

रोखा साधा आहे. दर्शनी मूल्य 100, मुदत 5 वर्षं, दरवर्षी 7 टक्के व्याज, म्हणजे 7 चं कूपन. पाचव्या वर्षी शेवटचं कूपन आणि मुद्दल मिळून 107 येतात. बाजारात अशाच मुदतीच्या आणि अशाच पतीच्या रोख्यांवर सध्या 7 टक्के परतावा मिळतो आहे, त्यामुळे या रोख्याची किंमतही बरोबर 100 आहे.

आता बाजारातला दर 8 टक्के होतो. नवा रोखा घेणाऱ्याला वर्षाला 8 मिळतील. आपल्या रोख्यावरचे 7 मात्र छापलेले आहेत, ते बदलत नाहीत. मग तो 100 ला कोण घेईल? घेणाऱ्यालाही 8 टक्क्यांचाच परतावा पडला पाहिजे, आणि त्यासाठी किंमत उतरणं एवढा एकच मार्ग उरतो. किंमत उतरणार हे तर्काने कळतं. ती 99 वर थांबेल की 90 वर, हे तर्काने कळत नाही. तेवढंच काम ड्युरेशनचं आहे.

एकेक हप्ता सुटा करून पाहू

रोखा म्हणजे पुढे येणाऱ्या पाच रकमांची मोळी. मोळी सोडून प्रत्येक रकमेची आजची किंमत काढता येते. वर्षभराने मिळणाऱ्या 7 ची आजची किंमत 7 भागिले 1.07, म्हणजे 6.54. दोन वर्षांनी येणाऱ्या 7 ला 1.07 ने दोनदा भागायचं, तीन वर्षांनी येणाऱ्याला तीनदा, असं पुढे. दर 8 टक्के झाला की त्याच रकमांना 1.07 ऐवजी 1.08 ने भागायचं.

| वर्ष | रक्कम | आजची किंमत, 7% दराने | आजची किंमत, 8% दराने | घट |
|---|---|---|---|---|
| 1 | 7 | 6.54 | 6.48 | 0.93% |
| 2 | 7 | 6.11 | 6.00 | 1.84% |
| 3 | 7 | 5.71 | 5.56 | 2.75% |
| 4 | 7 | 5.34 | 5.15 | 3.65% |
| 5 | 107 | 76.29 | 72.82 | 4.54% |

तिसऱ्या स्तंभाची बेरीज 100 येते (दोन दशांशांवर तोडल्यामुळे 99.99 दिसते), चौथ्याची 96.01. म्हणजे दर एक टक्क्याने वाढल्यावर किंमत 3.99 ने उतरली.

पण बेरजेपेक्षा शेवटचा स्तंभ महत्त्वाचा. वर्षभराच्या अंतरावरची रक्कम सुमारे 0.9 टक्के घसरली, दोन वर्षांवरची सुमारे 1.8, तीनवरची 2.75, पाचवरची साडेचार. जेवढी वर्षं थांबायचं, जवळपास तेवढे टक्के घट. हा योगायोग नाही. दर वाढल्यावर थांबण्याच्या प्रत्येक वर्षासाठी आपण एकदा जास्त मोठ्या आकड्याने भागतो. 1.08 हा आकडा 1.07 पेक्षा 0.93 टक्क्याने मोठा आहे, त्यामुळे दरवर्षागणिक एवढी चाट बसते. पाच वर्षं थांबायचं तर ती पाचदा बसते.

काळ आणि टक्के यांची गाठ इथेच पडते. एका रकमेपुरतं पाहिलं तर ती किती वर्षं दूर आहे हेच तिच्या दर-संवेदनशीलतेचं माप असतं. संपूर्ण रोख्यासाठी मग एवढंच विचारायचं उरतं: या पाच रकमा सरासरीने किती दूर आहेत?

सरासरी मात्र साधी चालत नाही. 1, 2, 3, 4, 5 यांची साधी सरासरी 3 येते, आणि ती दिशाभूल करते, कारण 76 टक्के किंमत एकट्या पाचव्या वर्षाच्या रकमेत आहे. म्हणून प्रत्येक वर्षाला त्या रकमेच्या आजच्या किमतीचं वजन द्यायचं: 1 गुणिले 6.54, 2 गुणिले 6.11, 3 गुणिले 5.71, 4 गुणिले 5.34, आणि 5 गुणिले 76.29. बेरीज 438.7 येते. तिला 100 या किमतीने भागलं की 4.39 वर्षं मिळतात. फळीवर पाच ठिकाणी पाच वजनं ठेवली आणि ती एका बोटावर तोलायची ठरवली, तर बोट 4.39 च्या खुणेखाली धरावं लागेल.

हे मॅकॉले ड्युरेशन. अमेरिकेतल्या व्याजदरांचा आणि रोख्यांचा अभ्यास करताना फ्रेडरिक मॅकॉले या अर्थतज्ज्ञाने 1938 साली हे माप मांडलं. रोखा किती "लांब" आहे हे त्याच्या मुदतीवरून नीट कळत नाही, ही त्याची अडचण होती. मुदत फक्त शेवटच्या रकमेची तारीख सांगते, मधल्या रकमांबद्दल ती काहीच बोलत नाही.

आता एक छोटी दुरुस्ती. वर पाहिलं की प्रत्येक वर्षामागे घट पूर्ण 1 टक्का नव्हती, 0.93 होती, म्हणजे 1 भागिले 1.07 च्या आसपास. म्हणून 4.39 लाही 1.07 ने भागायचं: 4.10. हे मॉडिफाइड ड्युरेशन, आणि किमतीचा अंदाज बांधायला हाच आकडा वापरायचा. व्याज सहामाही असेल तर 1.07 ऐवजी सहा महिन्यांच्या दराने, म्हणजे 1.035 ने भागतात. माहितीपत्रकात कधीकधी मॅकॉले आणि मॉडिफाइड असे दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापलेले असतात. फरक किरकोळ दिसला तरी नुकसानीचा हिशेब मॉडिफाइडनेच करावा.

ताळा घेऊ. 4.10 चा अंदाज असा की दर 8 टक्के झाल्यावर किंमत 95.90 असेल. खरी किंमत 96.01. दर 6 टक्क्यांवर आला तर अंदाज 104.10, खरी किंमत 104.21. फक्त अर्ध्या टक्क्याची वाढ घेतली तर अंदाजे घट 2.05 आणि खरी 2.02. एका आकड्याकडून याहून जास्त अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

रोख्यांच्या व्यवहारात दर रोज एक टक्क्याने हलत नाहीत, ते बेसिस पॉइंटांत हलतात. एक बेसिस पॉइंट म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग. 10 लाखांच्या गुंतवणुकीवर ड्युरेशन 4.10 असेल तर एका टक्क्याला 41,000 चा फरक पडतो, म्हणून एका बेसिस पॉइंटला 410 चा. रोज रोखे हाताळणारी माणसं ड्युरेशनपेक्षा या 410 च्या भाषेत जास्त बोलतात, कारण दिवसअखेरीच्या नफ्यातोट्याशी तो थेट जुळतो.

हाताने गुणाकार करायचे नसतील तर स्प्रेडशीटमध्ये एक ओळ पुरते:

```
=MDURATION(DATE(2025,1,1), DATE(2030,1,1), 7%, 7%, 1)
```

पहिल्या दोन जागी खरेदीची आणि मुदतपूर्तीची तारीख, मग कूपन, मग बाजारातला परतावा, आणि शेवटी वर्षातून किती वेळा व्याज मिळतं तो आकडा. उत्तर 4.10 येतं. `DURATION` लिहिलं तर तेच सूत्र 4.39 हे मॅकॉले ड्युरेशन देतं. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे `7%` ऐवजी नुसतं `7` लिहिणं. सूत्र तक्रार करत नाही, ते 700 टक्के दर धरून शांतपणे 0.14 असं उत्तर देतं. पाच वर्षांच्या साध्या रोख्याचं ड्युरेशन एकपेक्षा कमी दिसलं की आधी टक्क्याचं चिन्ह तपासा.

मुदत लांबली म्हणून ड्युरेशन तेवढं लांबत नाही

हाच रोखा 10 वर्षांचा केला, कूपन आणि दर 7 टक्केच ठेवले, तर मॉडिफाइड ड्युरेशन 7.02 होतं. 30 वर्षांचा केला तर 12.41. मुदत सहापट झाली तरी संवेदनशीलता जेमतेम तिप्पट, कारण दरवर्षी येणारी कूपनं तराजूचा काटा अलीकडे ओढून धरतात. ही कूपनं काढून टाकली, म्हणजे 30 वर्षांचा शून्य-कूपन रोखा घेतला, तर सगळी रक्कम शेवटच्या दिवशीच येते. तिथे मॅकॉले ड्युरेशन पूर्ण 30 आणि मॉडिफाइड 28. दोन्ही रोखे 30 वर्षांचेच आणि पतही सारखीच, पण दर एक टक्क्याने वाढल्यावर एकाला दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त फटका बसतो. मुदत पाहून जोखीम ठरवणारा माणूस नेमका इथे फसतो.

4.39 चा दुसरा अर्थ

मॅकॉले ड्युरेशनला आणखी एक अर्थ आहे, आणि तो नुसत्या किमतीकडे पाहून दिसत नाही.

दर वाढले की रोख्याची किंमत उतरते, पण त्याच वेळी हातात येणारं कूपन नव्या, चढ्या दराने गुंतवता येतं. एकीकडे तोटा होतो, दुसरीकडे हळूहळू फायदा साचत जातो. मग रोखा किती काळ ठेवला तर दोन्ही एकमेकांना फेडतील?

आपल्या रोख्यावर करून पाहू. खरेदी होताच दर बदलला आणि मग तिथेच थांबला, मिळालेली कूपनंही त्याच दराने गुंतवली, असं धरू. वर्षअखेरीला दर 7 च राहिला असेल तर एकूण 107 हातात असतात. दर 8 झाला असेल तर 103.69. दर 6 झाला असेल तर 110.47. म्हणजे वर्षभरात पैसे लागणार असतील तर दरवाढ नुकसान करते. आता पूर्ण पाच वर्षं थांबू. 7 टक्क्यांना 140.26 होतात, 8 ला 141.07, आणि 6 ला 139.46. चित्र उलटलं! दरवाढ इथे फायद्याची ठरली, दरकपात तोट्याची.

मधे कुठेतरी हा पलटा होतो. तो 4.39 वर्षांवर होतो. त्या दिवशी दर 7 असताना 134.56 जमतात, 8 असताना 134.57, आणि 6 असतानाही 134.57. दर कुठेही गेले तरी रक्कम जवळजवळ तीच.

म्हणून ज्याला साधारण साडेचार वर्षांनी ठरावीक रक्कम लागणार आहे, त्याच्यासाठी हा रोखा दरांच्या हालचालीपुरता जवळपास निर्धोक आहे, मधल्या काळात त्याची बाजारकिंमत कितीही वरखाली झाली तरी. ज्याला वर्षभरात पैसे हवेत त्याच्यासाठी तोच रोखा धोक्याचा. संवेदनशीलता रोख्यात असते, जोखीम मात्र रोख्याचं ड्युरेशन आणि आपली गरजेची तारीख यांच्यातल्या अंतरात असते. विमा कंपन्या पुढे द्यायच्या रकमा आणि हातातले रोखे यांची सांगड याच तत्त्वावर घालतात. ब्रिटिश विमागणिती फ्रँक रेडिंग्टन यांनी 1952 मध्ये या पद्धतीला इम्युनायझेशन असं नाव दिलं.

ही सांगड एकदा घालून विसरता येत नाही. वर्षभराने आपली गरज 3.39 वर्षांवर येते. पण रोख्याचं ड्युरेशन तेव्हा 3.62 असतं, 3.39 नाही. घड्याळ एक वर्ष पुढे गेलं तरी ड्युरेशन पाऊण वर्षानेच घटलं, कारण सगळ्यात जवळचं कूपन वजा झालं आणि उरलेल्या रकमांत शेवटच्या मोठ्या रकमेचं वजन वाढलं. म्हणून मिळालेलं कूपन कमी मुदतीत गुंतवून, किंवा थोडा रोखा विकून, काटा पुन्हा जुळवावा लागतो. दर बदलले की हेच पुन्हा करायचं.

दर फार हलले की अंदाज घसरतो

वरच्या ताळ्यात एक गोष्ट नजरेतून सुटण्याजोगी होती. दर वाढला तेव्हा खरा तोटा अंदाजापेक्षा कमी झाला (4.10 ऐवजी 3.99), आणि दर घटला तेव्हा खरा फायदा अंदाजापेक्षा जास्त (4.10 ऐवजी 4.21). चूक दोन्ही वेळा आपल्या बाजूने झाली.

कारण असं की ड्युरेशन स्वतः स्थिर नाही. दर वाढला की दूरच्या रकमांची आजची किंमत सगळ्यांत जास्त घटते, त्यामुळे त्यांचं वजन कमी होतं आणि काटा किंचित अलीकडे सरकतो. आपल्या रोख्याचं मॉडिफाइड ड्युरेशन 7 टक्क्यांना 4.10 असतं, 8 टक्क्यांना 4.05. रोखा घसरता घसरता कमी संवेदनशील होतो. या गुणाला कॉन्व्हेक्सिटी म्हणतात. लहान बदलात ती जाणवत नाही. दर 7 वरून 10 टक्क्यांवर गेला तर मात्र अंदाज 12.30 च्या तोट्याचा आणि खरा तोटा 11.37 चा.

लांबच्या रोख्यात ही तफावत हास्यास्पद होते. ऑस्ट्रियाच्या सरकारने 2020 मध्ये शंभर वर्षांचा, 2120 मध्ये मुदत संपणारा रोखा 0.85 टक्के कूपनने विकला. कूपन इतकं तुटपुंजं की बहुतेक किंमत दूरच्या दशकांतल्या रकमांत साठलेली. बाजारातला परतावाही 0.85 टक्के धरला, म्हणजे किंमत 100, तर मॉडिफाइड ड्युरेशन येतं 67. आता परतावा 2.5 टक्के झाला असं समजा, म्हणजे वाढ 1.65 टक्क्याची. 67 ला 1.65 ने गुणलं तर तोटा 110 टक्के! रोख्याची किंमत शून्याखाली जाऊ शकत नाही हे उघड आहे. खरा हिशेब केला तर ती 39.6 वर थांबते. तोटा 60 टक्के, म्हणजे भयंकरच, पण 110 नव्हे.

साध्या रोख्यांत ड्युरेशन 10 च्या आत आणि दरातला बदल एक टक्क्याच्या आत असेल तर नुसता गुणाकार चालून जातो. त्यापलीकडे गेलं की नव्या दराने किंमत पुन्हा काढावी. पाच भागाकारांचं काम आहे, अंदाजावर विसंबायची गरज नाही.

रकमा जागच्या हलल्या तर

आतापर्यंत एक गृहीत न बोलता धरलं होतं: कोणती रक्कम कधी येणार हे ठरलेलं आहे. अनेक रोख्यांत ते ठरलेलं नसतं, आणि ड्युरेशनचे खरे अपघात तिथे होतात.

काही रोख्यांत कर्ज घेणाऱ्याला मुदतीआधी पैसे परत करून मोकळं होण्याची मुभा असते. दर घसरले की तो स्वस्तात नवं कर्ज काढतो आणि जुनं फेडतो. अशा रोख्यासाठी वर्षांची सरासरी काढणं निरर्थक, कारण पुढच्या रकमांच्या तारखाच दरांवर अवलंबून असतात. इथे दुसरी वाट धरावी लागते. दर एक टक्का वर आणि एक टक्का खाली नेऊन दोन्ही ठिकाणची किंमत काढायची, त्यांतला फरक निम्मा करायचा आणि त्याला आजच्या किमतीने भागायचं. याला इफेक्टिव्ह ड्युरेशन म्हणतात. आपल्या साध्या रोख्यावर करून पाहिलं तर 104.21 वजा 96.01 म्हणजे 8.20, त्याचे निम्मे 4.10. जुनंच उत्तर आलं, म्हणजे वाट बरोबर आहे.

आता त्याच रोख्याला मुदतपूर्व फेडीची मुभा जोडू. समजा आजची किंमत 99.0 आहे, दर 8 झाल्यावर 95.8 आणि दर 6 झाल्यावर फक्त 101.0. लवकर पैसे परत मिळणार हे दिसत असताना त्याहून जास्त किंमत कुणी देत नाही. फरक 5.2, निम्मा 2.6, भागिले 99 म्हणजे 2.6 टक्के, म्हणून ड्युरेशन साधारण 2.6. आकडा 4.10 पेक्षा लहान, म्हणून हा रोखा जास्त सुरक्षित वाटतो. पण दोन्ही बाजू सुट्या पाहा: दर घटले तर फायदा 2.0, वाढले तर तोटा 3.2. मघाशी चूक आपल्या बाजूने होत होती, इथे ती आपल्या विरुद्ध होते. एकच सरासरी आकडा ही असमानता झाकून टाकते.

आणि दर वाढले की फेडीची शक्यता मावळते, रोखा पुन्हा लांब मुदतीचा होतो आणि ड्युरेशन वाढत जातं. म्हणजे सर्वात नको असतं तेव्हाच. गृहकर्जांच्या हप्त्यांवर आधारलेल्या रोख्यांत हे हमखास घडतं, कारण दर चढल्यावर स्वस्तातलं जुनं कर्ज कुणीही लवकर फेडत नाही.

अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेकडे याच जातीचे रोखे मोठ्या प्रमाणावर होते. मार्च 2022 मध्ये शून्याच्या जवळ असलेला अमेरिकेचा धोरणदर डिसेंबरअखेर 4.25 ते 4.50 टक्क्यांवर पोचला. मुदतीपर्यंत ठेवायचे म्हणून बँकेने बाजूला काढलेल्या रोख्यांचं ड्युरेशन वर्षभरात सुमारे 4 वरून 6 वर्षांपुढे सरकलं. ताळेबंदात सुमारे 91 अब्ज डॉलरना दाखवलेल्या या रोख्यांची बाजारकिंमत 2022 च्या शेवटी सुमारे 15 अब्जांनी कमी होती. मुदतीपर्यंत थांबता आलं असतं तर मुद्दल परत आलंच असतं. पण बँकेची देणी म्हणजे ठेवी, आणि ठेवीदार उद्या पैसे मागू शकतो. मालमत्तेचं ड्युरेशन सहा वर्षं आणि देण्यांचं जवळपास शून्य. ठेवी निघू लागल्या आणि 10 मार्च 2023 ला नियामकांनी बँक ताब्यात घेतली. रोखे बुडीत नव्हते. तारखा जुळत नव्हत्या.

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे बदलत्या दराचे रोखे. दहा वर्षांच्या रोख्याचं व्याज दर सहा महिन्यांनी बाजाराप्रमाणे ठरत असेल, तर दराच्या बाबतीत तो जेमतेम अर्ध्या वर्षाचा रोखा असतो. त्याची दहा वर्षांची मुदत कर्ज बुडण्याच्या जोखमीसाठी पाहायची, दराच्या जोखमीसाठी नाही. ड्युरेशन आणि पत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्जदाराची पत घसरली आणि त्याच्या ठरावीक व्याजाच्या रोख्यावरचा परतावा एक टक्क्याने चढला, तरी किंमत ड्युरेशनच्याच हिशेबाने उतरते, मग बाजारातले बाकीचे दर तसूभरही का हललेले नसेनात.

फंडाचं ड्युरेशन

फंडात अनेक रोखे असतात. प्रत्येकाच्या ड्युरेशनला त्याच्या बाजारमूल्याचं वजन देऊन सरासरी काढली की फंडाचं ड्युरेशन मिळतं. दर्शनी मूल्याचं वजन धरलं तर उत्तर चुकतं, विशेषतः दर्शनी मूल्यापेक्षा बऱ्याच स्वस्तात मिळणारे शून्य-कूपन रोखे असतील तेव्हा.

या सरासरीमागे असं धरलेलं असतं की सगळ्या मुदतींचे दर एकाच वेळी, एकाच मापाने हलतात. ते नेहमी तसं होत नाही. एका फंडाने निम्मे पैसे 1 ड्युरेशनच्या आणि निम्मे 9 ड्युरेशनच्या रोख्यांत ठेवले, दुसऱ्याने सगळे 5 च्या. दोन्हींच्या पत्रकावर 5 च छापलेलं असेल. आता अल्पमुदतीचे दर जागेवर राहिले, मधले अर्ध्या टक्क्याने वाढले आणि लांबचे एक टक्क्याने. पहिल्याचा तोटा 9 च्या निम्मा, म्हणजे साडेचार टक्के. दुसऱ्याचा 5 चा निम्मा, अडीच टक्के. म्हणून फंडाच्या आकड्यासोबत त्याच्या मुदतींची वाटणीही पाहावी. ती बहुधा त्याच पत्रकात, दोन-तीन ओळी खाली असते.

एकट्या रोख्याचं ड्युरेशन दरवर्षी आपोआप घटत शून्यावर येतं. फंडाचं तसं होत नाही. ठरावीक मुदत नसलेल्या फंडात जुने रोखे संपतात किंवा विकले जातात आणि नवे येतात, त्यामुळे आज 5 असलेलं ड्युरेशन तीन वर्षांनीही 5 च्या आसपास असू शकतं. "थांबलो की तोटा भरून निघेल" हे एकट्या रोख्याच्या बाबतीत ठरल्या तारखेला खरं ठरतं. अशा फंडात ती तारीख गुंतवणूकदाराच्या पुढे-पुढे सरकत राहते. तीन वर्षांनी पैसे लागणार असतील तर कायम 5 वर राहणारा फंड पहिल्या वर्षी गरजेपेक्षा दोन वर्षांनी लांब असतो आणि तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला चार वर्षांनी. तोवर दरवर्षी थोडे पैसे कमी ड्युरेशनच्या फंडात हलवत गेलं, तरच ते अंतर वाढायचं थांबतं.